लिंबू लाटल्यावर रस जास्त का निघतो, आणि तेच लिंबू महिनाभर कसं टिकतं

एकाच आकाराची दोन कागदी लिंबं घ्या. एक फ्रिजमधून काढून लगेच चिरा आणि हाताने पिळा. दुसरं थोडा वेळ बाहेर ठेवा, ओट्यावर तळहाताखाली दाबून लाटा आणि मग चिरा. दुसऱ्यातून रस पटकन येतो आणि जास्तही येतो. बहुतेक स्वयंपाकघरांत हे ठाऊक असतं आणि ते खरंही आहे. पण त्यावरून अनेकांना वाटतं की लाटल्याने किंवा गरम केल्याने लिंबातला रस वाढतो. तसं होत नाही. झाडावरून तोडल्यानंतर लिंबात एक थेंबही नव्याने तयार होत नाही. आत असलेल्या रसातला किती वाटा आपल्या हाती लागतो आणि किती सालीबरोबर केराच्या डब्यात जातो, एवढंच बदलतं.

साधारण ४५ ग्रॅमचं चांगलं कागदी लिंबू घेतलं, तर त्याच्या वजनाचा ४० ते ५० टक्के भाग रस असतो, म्हणजे १८ ते २२ ग्रॅम. हा सगळा रस हाताने निघणं कठीण. पिळून झालेली फोड उलटी करून नीट पाहिली की आत ओलसर, चमकदार गर चिकटलेला दिसतो. तो रसच असतो, फक्त सुटलेला नसतो.

रस असतो कुठे

लिंबाच्या आत रस सुटा खेळत नसतो, नाहीतर सुरी लावताच सगळा सांडला असता. त्याची रचना पाहायची तर लिंबापेक्षा पपनस बरं, कारण दोघांची घडण एकच आहे आणि पपनसात सगळं मोठ्या आकारात दिसतं. पपनसाची एक पाकळी घेऊन तिच्यावरचा पांढरा पापुद्रा सोलला, की आत लांबट, दोन्ही टोकांना निमुळत्या, पाण्याने टच्च भरलेल्या पिशव्या एकमेकींना खेटून बसलेल्या दिसतात. त्यातली एक बोटांनी अलगद सोडवली तर ती अख्खी हातात येते, न फुटता. प्रत्येक पिशवीला बारीकसा देठ असतो आणि त्या देठाने ती पाकळीच्या पापुद्र्याला जोडलेली असते. लिंबात अशाच पिशव्या असतात, फक्त बारीक आणि जास्त दाटीने बसलेल्या. त्यातल्या पाकळ्या साधारण दहाच्या आसपास असतात.

ही पिशवीसुद्धा नुसती पाण्याने भरलेली थैली नाही. ती असंख्य पेशींची बनलेली असते. बाहेरच्या थरातल्या पेशी लहान आणि दाट असतात आणि त्यांच्यावर मेणासारखा पातळ लेप असतो. आतल्या पेशी मोठ्या, पातळ भिंतींच्या. या आतल्या प्रत्येक पेशीत एक मोठी पोकळी असते, शाळेच्या पुस्तकात तिला रिक्तिका म्हणतात. लिंबाचं आम्ल, साखर आणि पाणी या रिक्तिकेत कोंडलेलं असतं. लिंबाचा रस इतका आंबट असतो की तो पेशीत मोकळा फिरू लागला तर पेशीचं बाकीचं कामकाजच बंद पडेल. म्हणून फळ जिवंत असेपर्यंत हे कप्पे घट्ट मिटलेले राहतात.

थोडक्यात, रस वाटीत येण्याआधी त्याला पेशीची भिंत, पिशवीचा बाहेरचा थर आणि पाकळीचा पापुद्रा अशा तीन गोष्टी ओलांडाव्या लागतात. सुरीने लिंबू चिरलं की सुरीच्या वाटेत आलेल्या पिशव्याच फुटतात. चिरल्यावर फळीवर जो रस सांडतो तो त्यांचाच. बाकीच्या पिशव्या शाबूत असतात आणि त्या फोडायचं काम आपल्या बोटांवर येऊन पडतं.

लाटल्याने काय होतं

बोटांची अडचण अशी की अर्धं लिंबू पिळताना आपण एकाच वेळी दोन कामं करत असतो. पिशव्या फोडायच्या आणि फुटलेल्या पिशव्यांमधला रस बाहेरही ढकलायचा. त्यात जोराचा मोठा भाग साल वाकवण्यातच खर्च होतो. अर्ध्या लिंबाला बोटांची पकडही नीट बसत नाही. म्हणून कडेच्या पिशव्या, विशेषतः सालीला लागून असलेल्या आणि टोकाकडच्या, तशाच राहून जातात.

लाटताना यातलं पहिलं काम आधीच उरकून जातं. तळहात, मनगट आणि खांद्याचं वजन अख्ख्या फळावर येतं, आणि तेही ओट्यासारख्या न हलणाऱ्या पृष्ठभागावर. लिंबू दबलं की आतल्या पिशव्या एकमेकींवर घासतात, त्यांचे बारीक देठ तुटतात, पापुद्रे पाकळ्यांपासून सुटतात आणि पातळ भिंतींच्या पेशी फुटतात. साल शाबूत असल्यामुळे हा मोकळा झालेला रस आतच राहतो. मग लिंबू चिरलं की बोटांना फक्त तो बाहेर ढकलायचा असतो. लाटलेलं लिंबू चिरताना सुरी लागताक्षणी रस ओघळतो त्याचं कारण हेच. तेव्हा लाटलेलं लिंबू ताटात किंवा वाटीवर धरूनच चिरावं.

लाटायची पद्धत साधी आहे, पण त्यात दोन चुका वारंवार होतात. पहिली म्हणजे नुसतं हलक्या हाताने पुढे-मागे फिरवणं. त्याने सालीशिवाय कशालाच काही होत नाही. तळहाताखाली लिंबू किंचित चपटं होतंय असं जाणवलं पाहिजे. एका दिशेने फिरवून झालं की ते आडवं वळवून दुसऱ्या दिशेनेही फिरवायचं, म्हणजे सगळ्या पाकळ्यांवर दाब येतो. दहा-पंधरा सेकंद पुरतात. लिंबू सुरुवातीला चेंडूसारखं परत उसळत असतं. हळूहळू ते दबल्या जागी दबलेलं राहू लागतं. ते जाणवलं की थांबायचं.

दुसरी चूक याच्या उलट, म्हणजे थांबायचंच नाही. लिंबाच्या सालीच्या बाहेरच्या रंगीत थरात तेलाचे बारीक बारीक कप्पे असतात. साल उजेडात धरली तर ते ठिपक्यांसारखे दिसतात. जोराने आणि खूप वेळ लाटलं की हे कप्पे फुटतात, साल तेलकट चमकू लागते आणि तळहाताला उग्र वास येतो. थोडा वास येणारच. पण साल ओली दिसू लागली की तेल सुटलं म्हणून समजावं. ते पिळताना रसात उतरतं आणि सरबताला कडसर, जिभेवर रेंगाळणारी चव देतं. पातळ सालीचं लिंबू असेल तर ते देठाकडून फुटतंही आणि सगळा रस ओट्यावर जातो.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. हा सगळा फायदा हाताने पिळणाऱ्याला आहे. पितळेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या दांडीच्या यंत्रात अर्धं लिंबू ठेवून दाबलं, तर तरफेमुळे इतका दाब येतो की लाटलेलं काय आणि न लाटलेलं काय, आतल्या जवळजवळ सगळ्या पिशव्या चिरडल्या जातात. मग लाटण्याने पडणारा फरक फारसा उरत नाही. रसवंतीवाला किंवा सरबताच्या गाडीवरचा माणूस प्रत्येक लिंबू लाटत बसत नाही ते याचमुळे. घरात पोह्यांवर फोड पिळणारी बोटं मात्र यंत्र नसतात, त्यामुळे तिथे लाटणं नक्की उपयोगी पडतं.

ज्यांना पडताळून पाहायचं आहे त्यांनी एकाच ढिगातली आठ-दहा लिंबं घ्यावीत. वजनाप्रमाणे त्यांच्या जोड्या लावाव्यात आणि प्रत्येक जोडीतलं एकच लाटावं. नंतर सगळी एकाच माणसाने, त्याच हाताने पिळावीत आणि रस स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलावा. एका लिंबावरून निष्कर्ष काढण्यात अर्थ नाही, कारण शेजारी शेजारी लागलेल्या दोन लिंबांतही रसाचं प्रमाण बरंच वेगळं असू शकतं.

गरम केल्याने काय होतं

फ्रिजमधलं लिंबू हाताला दगडासारखं लागतं. साल, तिच्या आतला पांढरा भाग आणि पाकळ्यांचे पापुद्रे, या सगळ्यांत पेक्टिन नावाचा चिकट पदार्थ असतो. मुरंब्याला आणि जॅमला घट्टपणा येतो तो त्याच्यामुळेच. थंडीत हे सगळं ताठ राहतं, कोमट झालं की लवचीक होतं. साल लवचीक झाली की पिळताना जोर तिच्यावर वाया न जाता आतपर्यंत पोचतो.

याला आणखी एका गोष्टीची साथ मिळते. थंड पाणी गरम पाण्यापेक्षा सावकाश वाहतं. ५ अंश सेल्सिअसच्या पाण्याचा चिकटपणा ४० अंशांच्या पाण्याच्या दुपटीहून जास्त असतो. रस हे बहुतांशी पाणीच, त्यामुळे त्यालाही हे लागू पडतं. फुटलेल्या पिशव्यांच्या चोथ्यातून, अगदी बारीक फटींमधून वाट काढताना हा फरक जाणवतो. माझ्या मते मोठा वाटा मात्र साल मऊ होण्याचाच आहे, रस पातळ होण्याचा त्यामानाने लहान.

घरी यासाठी सगळ्यात बरा मार्ग म्हणजे कोमट पाणी. हात सहज बुडवून ठेवता येईल इतक्या गरम पाण्यात लिंबू पाच ते दहा मिनिटं ठेवायचं, पुसायचं, लाटायचं आणि चिरायचं. क्रम हाच ठेवावा, आधी गरम आणि मग लाटणं. ताठ, थंड लिंबू जोराने लाटलं तर आतल्या पिशव्या फुटण्याआधी सालच तडकू शकते.

मायक्रोवेव्ह असेल तर काम लवकर होतं, पण तिथे सेकंदांना महत्त्व आहे. हिशोब करून पाहू. ८०० वॉटचा ओव्हन १० सेकंद चालवला तर ८,००० ज्यूल ऊर्जा बाहेर पडते. एवढंसं एकच लिंबू आत असताना त्यातली अर्धीच त्याला मिळाली असं धरू, म्हणजे ४,०००. ४५ ग्रॅमचं लिंबू एका अंशाने तापायला साधारण १७५ ज्यूल लागतात. म्हणजे १० सेकंदांत ते २०-२५ अंशांनी तापेल. फ्रिजमधून ५ अंशांवर काढलेलं लिंबू खोलीच्या तापमानाला येईल. २० सेकंदांत ते ५० अंशांच्या आसपास जाईल आणि हाताला चांगलं गरम लागेल. याच हिशोबाने ४० सेकंदांत आतला रस उकळायच्या बेताला येतो. तेव्हा कोंडलेल्या वाफेने लिंबू फुटू शकतं, आणि नाही फुटलं तरी रसाला शिजल्यासारखी चव येते. म्हणून १० सेकंद देऊन बाहेर काढून पाहावं, लागलं तर आणखी पाच. काढल्यावर अर्धा मिनिट तसंच ठेवून मग लाटावं, कारण आतला एखादा भाग बाहेरच्यापेक्षा जास्त तापलेला असतो आणि चिरताना गरम रस बोटांवर उडतो.

सुकलेलं लिंबू खरंच रिकामं असतं का

टोपलीत राहून लिंबू तपकिरी, टणक आणि आक्रसलेलं झालं की ते बिनरसाचं म्हणून फेकून दिलं जातं. याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण बऱ्याचदा त्यात रस असतो. लिंबवर्गातल्या फळांचं पाणी उडायला लागतं तेव्हा सुरुवातीला ते बहुतेक सालीतून जातं. गराच्या पिशव्यांवर मेणाचा लेप असतो आणि त्या आत सुरक्षित असतात, त्यामुळे त्यांचं पाणी उशिरा कमी होतं. म्हणजे साल वाळून चामड्यासारखी झालेली असते आणि आतला रस बऱ्यापैकी जागेवर असतो. अशी साल बोटांनी वाकत नाही, म्हणून पिळूनही काही येत नाही आणि आपण ठरवून टाकतो की लिंबू संपलं.

असं लिंबू हातात तोलून पाहावं. आकाराच्या मानाने वजन लागलं तर ते कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं बुडवून ठेवावं. साल थोडं पाणी पिते आणि मऊ होते. मग लाटून चिरलं की रस येतो. गरम करण्याचा आणि लाटण्याचा सगळ्यात मोठा फायदा अशाच लिंबाला होतो. ताज्या, पातळ सालीच्या, पिवळ्या लिंबाला त्यातलं फारसं काही लागत नाही. पण लिंबू हलकं लागलं आणि हलवल्यावर आत काही खुळखुळलं, तर मात्र गरही वाळलेला आहे. तिथे उपाय नाही.

टिकवताना नेमकं उलटं करायचं

पिळताना आपल्याला आतलं सगळं फुटायला हवं असतं, ठेवताना मात्र बाहेरचं काहीही फुटायला नको असतं. लाटलेलं लिंबू परत टोपलीत टाकू नये, ते त्याच दिवशी संपवावं. सालीतलं ते सुगंधी तेल सालीच्याच पेशींना मारक असतं. कप्पा फुटून ते आजूबाजूला पसरलं की तिथल्या पेशी मरतात आणि तपकिरी, किंचित खोलगट डाग पडतो.

हाच प्रकार तोडणीच्या वेळीही होतो. पहाटेच्या दवात किंवा पाऊस पडून गेल्यावर लगेच तोडलेलं लिंबू पाण्याने इतकं तट्ट असतं की जरा दाबलं गेलं तरी तेलाचे कप्पे फुटतात. म्हणून जाणकार बागायतदार दव वाळल्यावर तोडणी करतात आणि लिंबू ओरबाडून काढत नाहीत. पावसाळ्यात बाजारात डागाळलेली लिंबं जास्त दिसतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

तरीही साठवण करायची वेळ पावसाळ्याचीच, कारण तेव्हा लिंबू मुबलक आणि स्वस्त असतं. महाराष्ट्रात जानेवारी-फेब्रुवारीत फुललेल्या आंबिया बहाराचं फळ पावसाळ्याच्या सुमारास बाजारात येतं. उन्हाळ्यात मागणी वाढते तेव्हा हस्त बहाराचं फळ लागतं, आणि तो बहार सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पावसात झाडाचं पाणी तोडून, त्याला ताण देऊन धरणं अवघड असल्यामुळे आवक कमी पडते. अहिल्यानगर किंवा सोलापूरकडून आलेला लिंबांचा माल जुलैत ज्या भावाने मिळतो तो एप्रिलमध्ये मिळत नाही, त्याचं मूळ यात आहे. जुलैतलं लिंबू एप्रिलपर्यंत ठेवता येणार नाही. पण एकदा किलोभर आणून महिना काढणं सहज जमतं.

त्यासाठी दोन शत्रू ओळखायचे, कोरडी हवा आणि बुरशी. आणि या दोघांचे उपाय एकमेकांच्या आड येतात, इथेच बहुतेकांची गल्लत होते.

आधी कोरडी हवा. लिंबातलं पाणी किती वेगाने उडेल हे बाहेरची हवा किती पाणी ओढून घेते यावर ठरतं. ३० अंश तापमान आणि ४० टक्के आर्द्रता असलेल्या खोलीतली ही ओढ १०० धरली, तर फ्रिजमध्ये ५ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेत उघड्या ठेवलेल्या लिंबाला ती १७-१८च्या आसपास असते. आणि त्याच फ्रिजमध्ये बंद डब्यात, जिथे आर्द्रता ९५ टक्क्यांपर्यंत जाते, ती २च्याही खाली येते. म्हणजे नुसतं फ्रिजमध्ये ठेवल्याने काम अर्धंच होतं. फ्रिजची हवा थंड असली तरी कोरडी असते, कारण आतली थंड नळी तिच्यातली वाफ सतत गोठवून काढून घेत असते. जाळीच्या टोपलीत ठेवलेली लिंबं फ्रिजमध्येसुद्धा वाळतात ती यामुळे. डब्याचं झाकण हाच खरा उपाय.

आता दुसरा शत्रू. बंद डब्यात फ्रिजचं दार उघड-बंद होताना तापमान वर-खाली होतं आणि झाकणाच्या आतून पाण्याचे थेंब धरतात. ते लिंबावर पडले की बुरशीला ओल मिळते. लिंबावर येणारी हिरवी आणि निळी बुरशी पेनिसिलियम कुळातली असते. ती शाबूत सालीतून सहसा आत शिरू शकत नाही. तिला खरचटा, टोचलेली जागा किंवा देठ उपटल्याची जखम लागते. सुरुवातीला त्या जागी बोट दाबलं तर आत जाईल असा मऊ, पाणचट डाग दिसतो. मग त्यावर पांढरं येतं आणि त्याच्या मधोमध हिरवी किंवा निळसर भुकटी धरते. या भुकटीचा प्रत्येक कण म्हणजे नवी बुरशी पेरणारं बीज. निळी बुरशी तर खेटून ठेवलेल्या निरोगी लिंबातही सरकते.

आता किलोभर लिंबं घरी आल्यावर काय करायचं ते पाहू. किलोत साधारण २२ ते २५ लिंबं येतात. सगळी कोरड्या कापडावर पसरून एकेक हातात घ्यायचं. मऊ डाग, चीर किंवा टोचल्याची खूण असलेली बाजूला काढायची आणि याच आठवड्यात संपवायची. देठाकडची बारीक हिरवी टोपी असेल तर ती ओढून काढू नये, कारण ती निघाली की तिथे बुरशीला दार उघडं होतं. पण देठाची काडी लांब राहिली असेल तर कात्रीने कापावी, नाहीतर ती शेजारच्या लिंबात घुसते. लिंबं ओली असतील तर पंख्याखाली पूर्ण वाळू द्यायची. धुवायचीच असतील, म्हणजे चिखल लागलेला असेल, तर धुवून आधी कोरडी करायची आणि मगच आत ठेवायची. एरवी धुणं वापरायच्या वेळी.

डब्याच्या तळाशी सुती फडकं किंवा जाड कागद घालायचा, त्यावर लिंबांचा एक थर, मग पुन्हा कागद आणि दुसरा थर. दोनपेक्षा जास्त थर नकोत, खालची दबतात. सगळ्यात वर पुन्हा कागद ठेवायचा, म्हणजे झाकणाचे थेंब तो टिपून घेतो. आर्द्रता डब्यात राहते, पण पाणी लिंबाला लागत नाही. वेळ असेल तर प्रत्येक लिंबू वेगळं कागदात गुंडाळावं. एक नासलं तरी त्याची भुकटी दुसऱ्यापर्यंत पोचत नाही. आठवड्यातून एकदा डबा उघडून ओला कागद बदलायचा आणि प्रत्येक लिंबू फिरवून पाहायचं. बुरशी दिसली तर डबा खिडकीपाशी नेऊन ते लिंबू न झटकता पिशवीत बांधून टाकायचं, उरलेली पुसून घ्यायची आणि डबा साबणाने धुवून वाळवायचा. बुरशीचा भाग कापून उरलेलं लिंबू वापरू नये.

डबा ठेवायचा कुठे, हेही महत्त्वाचं आहे. लिंबू उष्ण प्रदेशातलं फळ आहे, त्याला फार थंडी सोसत नाही. शीतगृहात ते सुमारे १० अंशांवर आणि भरपूर आर्द्रतेत ठेवतात, तिथे ते सहा-आठ आठवडे राहतं. घरचा फ्रिज ४-५ अंशांवर चालतो. तिथे तीन-चार आठवड्यांनी सालीवर टाचणीने टोचल्यासारखे खळगे पडू लागतात आणि ते हळूहळू तपकिरी होतात. ही थंडीची इजा आहे, बुरशी नाही. बोट लावलं तर जागा कोरडी आणि घट्ट लागते. आतला रस चांगला असतो. पण अशी लिंबं बाहेर काढून ठेवली की खळगे झपाट्याने वाढतात आणि त्या मेलेल्या सालीतून बुरशी शिरते, म्हणून ती लागतील तशीच काढावीत. डबा खालच्या भाजीच्या कप्प्यात किंवा दारात ठेवला तर तिथे थंडी थोडी कमी असते. मागच्या बाजूला, जिथे बर्फ धरतो, तिथे अजिबात ठेवू नये.

सफरचंदं किंवा पिकलेली केळी लिंबांजवळ ठेवू नयेत. त्यांतून इथिलीन वायू निघतो. त्याने हिरवी लिंबं लवकर पिवळी पडतात आणि देठाकडची टोपी गळते. पिवळं पडणं म्हणजे नासणं नव्हे, आणि ते पिकणंही नव्हे. तोडल्यावर लिंबाच्या चवीत फारशी भर पडत नाही, फक्त हिरवा रंग जातो. झाडावरच पिवळं झालेलं लिंबू मात्र बहुधा जास्त रसदार असतं, कारण त्याला भरायला वेळ मिळालेला असतो. खरेदी करताना रंगापेक्षा गुळगुळीत पातळ साल आणि आकाराच्या मानाने वजन पाहावं. राहुरी कृषी विद्यापीठाची साई सरबती किंवा परभणीची प्रमालिनी या जाती महाराष्ट्रात लावल्या जातात, पण बाजारात जातीचं नाव कुणी सांगत नाही. तिथे हाताचाच अंदाज चालतो.

लिंबं बरणीभर पाण्यात बुडवून फ्रिजमध्ये ठेवण्याची युक्ती बरीच सांगितली जाते. पाण्यात असलेलं लिंबू वाळत नाही हे खरं. पण देठाच्या जखमेतून ओल आत जाते, साल गिळगिळीत होते, आणि एका नासक्या लिंबाचं पाणी सगळ्यांना लागतं. पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदलावं लागतं. कागद घातलेला बंद डबा तेच काम या कटकटीशिवाय करतो, म्हणून मी तोच सुचवेन.

चौथ्या आठवड्यानंतर डब्यात जी उरतील ती एकदम काढून कोमट पाण्यात ठेवावीत, लाटावीत आणि सगळ्यांचा रस काढून गाळावा. हा रस बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवला तर दोन-चार दिवसांत त्याचा ताजा वास जातो आणि चव कडसर होऊ लागते. बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवला तर तो बराच काळ चांगला राहतो. गोठल्यावर तुकडे काढून बंद पिशवीत भरावेत. साधारण एका खणात एका मध्यम लिंबाचा रस मावतो, त्यामुळे वरणाला किंवा सरबताला किती घालायचं याचा अंदाज आपोआप राहतो.